'कळवतो' म्हटलंत ना? मग कळवा

माझा भाचा महाप्यातल्या एका कंपनीत मुलाखतीला गेला होता. तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीनंतर तिथल्या मॅनेजरने त्याला बसण्याची जागा दाखवली, कधीपासून येऊ शकाल असे विचारले, आधीच्या नोकरीची पगाराची स्लिप मागून घेतली. निघताना म्हणाले, "एचआर तुम्हाला कळवेल." त्यानंतर पाच आठवडे काहीच नाही. त्याने दोन मेल पाठवले, एकदा फोन केला. फोनवर उत्तर मिळाले, "प्रोसेस चालू आहे."

एका रात्री जेवताना त्याने मला विचारले, "मामू, खरं सांगा. नाव बघून झालं असेल का?"

मी म्हणालो, नसावे. नाव तर पहिल्या दिवसापासून तेच होते, तरी त्यांनी तीनदा बोलावले. त्यावर तो म्हणाला, "मग सांगत का नाहीत?" माझ्याकडे उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर उत्तर होते, पण ते द्यायची लाज वाटली. मी स्वतः सीबीडी बेलापूरमध्ये आयात-निर्यातीची कागदपत्रे करणाऱ्या एका ऑफिसचा कारभार बघतो आणि माणसे निवडण्याचे कामही माझ्याकडेच असते. आजवर किती जणांना मी दारापर्यंत सोडून 'कळवतो' म्हणालो आणि कळवले नाही, याचा हिशेब माझ्याकडे नव्हता.

आपल्याकडे 'कळवतो' हा नकाराचाच एक शब्द झाला आहे. स्थळ नको असले की काही घरांत पत्रिका जुळत नाही म्हणतात, आपल्या घरांत इस्तिखारा ठीक आला नाही म्हणतात. दोन्हीकडे हेतू चांगला असतो, समोरच्याचे मन राखायचे असते. पण निदान तिथे नकार पोचतो. नोकरीत 'कळवतो' म्हणून गप्प बसले की नकारही पोचत नाही आणि मनही राखले जात नाही.

मी इथे सगळ्या अर्जदारांबद्दल बोलत नाही. एका जागेसाठी शंभर-दीडशे बायोडेटा येतात. त्यांना एकाच मजकुराचे उत्तर गेले तरी पुष्कळ झाले. मी बोलतो आहे शेवटच्या दोघा-तिघांबद्दल. त्यांनी आपल्यासाठी रजा टाकलेली असते, लेखी चाचणी दिलेली असते, घरी सांगितलेले असते. आपण त्यांना पगार किती अपेक्षित आहे हेही विचारलेले असते. एवढे घेतल्यावर एका स्पष्ट उत्तराचे देणे आपल्याकडे लागते.

मग आपण गप्प का बसतो? उद्धटपणा हे कारण क्वचितच असते. खरे कारण आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या पसंतीचा उमेदवार 'हो' म्हणतो, पण त्याला आधीच्या कंपनीत महिना, दोन महिने, कधी तीन महिने नोटीस द्यायची असते. त्या काळात तो आपले ऑफर लेटर दाखवून जुन्याच ठिकाणी पगार वाढवून घेतो किंवा तिसरीकडेच जातो. रुजू व्हायच्या दिवशी जागा रिकामी आणि फोन बंद, हे प्रत्येकाने अनुभवले आहे. म्हणून दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला हातचा म्हणून ठेवले जाते. त्याला नाहीही म्हणायचे नाही आणि होही म्हणायचे नाही. पहिला खुर्चीत बसला की मगच दुसऱ्याला कळवू, असे ठरते. तोपर्यंत दोन महिने उलटलेले असतात, आता काय तोंडाने कळवायचे म्हणून ते राहूनच जाते.

हा हिशेब माणुसकीच्या दृष्टीने वाईट आहेच, पण व्यवहारातही चुकीचा आहे. पहिला आला नाही तर आपण दुसऱ्याला फोन करणार. दोन महिने ताटकळत ठेवलेला माणूस तो फोन उचलेल का? उचलला तरी आपल्यावर विश्वास ठेवील का? उलट ज्याला वेळेवर आणि नीट 'नाही' सांगितले आहे त्याला सरळ विचारता येते, "आमचा माणूस आला नाही, तुम्ही अजून मोकळ्या आहात का?" म्हणजे हातचा राखायचाच असेल तर तो गप्प बसण्यापेक्षा नीट नकार दिल्याने जास्त राखला जातो. माझ्या मते नकार कळवण्याची योग्य वेळ एकच आहे. निवडलेल्या उमेदवाराचा लेखी होकार आला की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. तो रुजू होईपर्यंत थांबायचे नाही.

भाच्याशी बोलणे झाल्यावर थोड्याच दिवसांत आमच्याकडे निर्यातीच्या कागदपत्रांसाठी एक जागा निघाली. शेवटी दोघे उरले. एकाने न्हावा शेवाजवळच्या एका सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर ठेवण्याच्या आवारात, चार वर्षे काम केले होते. दुसरी तळोज्याहून मेट्रोने आलेली मुलगी, अनुभव एका वर्षाचा. चाचणी म्हणून आम्ही दोघांना एकाच मालाची तीन कागदपत्रे देतो, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि शिपिंग बिलाचा मसुदा. त्यात मुद्दाम एक चूक पेरलेली असते. पॅकिंग लिस्टवरचे एकूण वजन आणि शिपिंग बिलावरचे वजन जुळत नाही. अशी चूक तशीच पुढे गेली तर दुरुस्तीसाठी कस्टमकडे जावे लागते आणि माल तोवर अडकतो. त्या मुलीने ती चूक दहा मिनिटांत शोधली. दुसऱ्या उमेदवाराला जास्त वेळ लागला. तरीही आम्ही त्यांनाच घेतले, कारण आमचा जुना माणूस पंधरा दिवसांत जाणार होता आणि नव्याला शिकवायला कोणी उरणार नव्हते.

मी नेहमीचा मजकूर काढला. तो असा होता:

"प्रिय उमेदवार, आमच्या संस्थेबद्दल आस्था दाखवल्याबद्दल आभार. सखोल विचारांती कळविण्यास खेद वाटतो की सदर पदासाठी आपली निवड करण्यात आलेली नाही. आपला बायोडेटा आमच्या नोंदीत ठेवण्यात येईल. आपल्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा."

पहिल्यांदाच मी हा मजकूर घेणाऱ्याच्या बाजूने वाचला. 'करण्यात आलेली नाही', 'ठेवण्यात येईल' या वाक्यांत कोणी माणूसच नाही. निवड कोणी केली नाही? बायोडेटा कोण ठेवणार? सरकारी नोटिशीची ही भाषा आपल्या बोटांत इतकी बसली आहे की वाईट बातमी द्यायची वेळ आली की आपण आपोआप कर्ता गाळतो. हा मजकूर पहिल्याच चाळणीत गळलेल्या दीडशे जणांना एक अक्षर न बदलता पाठवता आला असता. शेवटच्या फेरीपर्यंत आलेल्या माणसाला तो मिळाला की त्याला कळते, आपण तिथे गेलो होतो हेही यांच्या लक्षात नाही.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो आणि अर्धे पान लिहिले. तुम्ही आम्हा सगळ्यांना फार आवडलात, निर्णय घेताना जड गेले, पुढे नक्की एकत्र काम करू, असे बरेच काही. आमच्या अकाउंट्समधल्या बाईंनी ते वाचून विचारले, "म्हणजे हिला घेतलंय का?" त्यांचे बरोबर होते. नकार सातव्या ओळीत होता. तिथपर्यंत ती मुलगी आशेने वाचत गेली असती आणि मग आधीचे सगळे कौतुक तिला खोटे वाटले असते. शिवाय 'नक्की एकत्र काम करू' हे वचन द्यायचा मला अधिकारच नव्हता.

शेवटी जे पाठवले ते हे:

"नमस्कार. या जागेसाठी आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे, हे आधी सांगतो. शेवटी तुम्ही दोघेच होतात. त्यांनी सीएफएसमध्ये चार वर्षे काम केले आहे आणि आमच्याकडे सध्या शिकवायला माणूस नाही, त्यावर निर्णय झाला. वजनातली चूक तुम्ही दहा मिनिटांत शोधलीत, ते आम्हा तिघांच्या लक्षात आहे. जूनमध्ये आयात विभागात एक जागा निघण्याची शक्यता आहे. निघो वा न निघो, जून संपायच्या आत मी तुम्हाला फोन करीन. तोवर दुसरीकडे चांगले काम मिळाले तर जरूर घ्या. हा माझा स्वतःचा नंबर आहे."

आठ-नऊ छोटी वाक्ये. नकार पहिल्याच खऱ्या वाक्यात आहे आणि त्याला कर्ता आहे, 'आम्ही निवड केली'. 'आपली निवड झाली नाही' आणि 'आम्ही दुसऱ्याची निवड केली' यांत फरक आहे. पहिल्यात ती कमी पडली असे वाटते, दुसऱ्यात आम्ही एक निवड केली एवढेच येते, आणि तेच खरे आहे. 'आपण' ऐवजी 'तुम्ही' लिहिले, कारण मुलाखतीत आम्ही 'तुम्ही'च म्हणत होतो. होकारापर्यंत 'तुम्ही' आणि नकाराला अचानक 'आपण' आले की दार लावल्याचा आवाज ऐकू येतो.

कारण एकच दिले, आणि ते कामाचे होते, माणसाचे नव्हते. कारण देऊ नये असे पुष्कळ जण सांगतात, कारण त्यावर वाद होतो. वाद होतो तो दोषांची यादी दिली तर. 'तुमचे इंग्रजी कच्चे आहे', 'आत्मविश्वास कमी वाटला' असे नकाराच्या निरोपात लिहू नये. कोणी आपणहून विचारले तर फोनवर, हळू बोलून सांगावे. पण त्यापेक्षाही वाईट म्हणजे 'आमच्या टीममध्ये फिट बसत नाही' हे वाक्य. त्याचा अर्थ काहीही होतो. टीममध्ये नेमके काय बसत नाही, टोपी, हिजाब, आडनाव की राहण्याची वस्ती, हे ऐकणाऱ्याने आपापल्या अनुभवावरून ठरवायचे.

आणि आपल्या मुलांचा अनुभव काय आहे हे आकड्यांतही नोंदलेले आहे. पॉल अ‍ॅटवेल आणि सुखदेव थोरात यांनी वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे पण वेगवेगळ्या नावांचे अर्ज पाठवून केलेला अभ्यास २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाला बोलावणे येण्याची शक्यता त्यांना एक-तृतीयांशच्या आसपास आढळली, दलित नावाला दोन-तृतीयांश. २०२२ मध्ये लेड बाय फाउंडेशनने हबिबा अली आणि प्रियांका शर्मा या दोन काल्पनिक नावांनी, सारख्याच पात्रतेचे, एक हजार जागांसाठी अर्ज केले. प्रियांकाला २०८ ठिकाणांहून अनुकूल उत्तर आले, हबिबाला १०३ ठिकाणांहून.

हे अभ्यास पहिल्या दाराचे आहेत, शेवटच्या फेरीचे नाहीत. शेवटच्या फेरीत पोचलेली मुलगी ते दार ओलांडून आलेली असते. पण ती ते विसरून आलेली नसते. म्हणून तीच शांतता दोघांना वेगळी ऐकू येते. एकाला वाटते, एचआर विसरले असतील. दुसऱ्याला वाटते, माझे नाव वाचले असेल. दुसऱ्याची शंका प्रत्येक वेळी खरी नसते, पण ती घालवायला त्याच्या हातात काहीच नसते. शंका मनात घेऊन तो पुढच्या मुलाखतीला जातो, किंवा जातच नाही. माझा भाचा पुढच्या दोन ठिकाणी गेला नाही.

इथे कोणी म्हणेल, गोड निरोप लिहिल्याने भेदभाव थांबतो का? नाही थांबत. भेदभाव करणारी कंपनीही नीट मराठीत नकार लिहू शकते. आणि नुसता तत्पर, स्पष्ट निरोपही पुरेसा नसतो. २०१५ मध्ये मुंबईत एमबीए झालेल्या एका मुस्लिम तरुणाला एका कंपनीकडून मेल आला होता, आम्ही फक्त बिगर-मुस्लिम उमेदवार घेतो. मेल लगेच आला होता, छोटा होता, त्यात कारणही होते. प्रकरण पोलिसांत गेले. आपल्याकडे संविधानाची १५ आणि १६ ही कलमे मुख्यतः सरकारला बांधतात. खाजगी नोकरीत धर्मावरून नाकारले तर थेट दाद मागता येईल असा सर्वसाधारण कायदा नाही. त्या मेलने निदान ते उघडे पाडले. बहुतेक ठिकाणी काहीच लिहिलेले नसते.

म्हणूनच कारणाच्या त्या एका वाक्याचा उपयोग उमेदवाराइतकाच निवडणाऱ्यांना आहे. निवड समितीने निर्णय घेतला की कागदावर एक वाक्य लिहून पाहावे, 'आम्ही याला घेतले, कारण...' आणि ते वाक्य नाकारलेल्या माणसाला जसेच्या तसे पाठवता येईल का ते बघावे. आमच्या तिघांना ते लिहिता आले. आले नसते, किंवा लिहिताना कोणी म्हणाले असते की 'हे असे पाठवू नका', तर निरोप थांबवून निर्णयाकडे परत जायला हवे होते. जे कारण पाठवता येत नाही ते कारण तपासायला हवे. शब्दांची सफाई करून ते सुटत नाही.

आता उघड्या दाराबद्दल. 'बायोडेटा नोंदीत ठेवू' हे आपल्याकडचे सर्वांत मोठे खोटे आहे. तो कोणीही उघडत नाही. सरकारी भरतीत प्रतीक्षा यादी असते, तिच्यात नाव कुठे आहे ते दिसते आणि तिला मुदत असते. मुदत संपली की संपली, माणूस पुढे बघतो. खाजगी ऑफिसच्या उघड्या दारालाही तशीच मुदत हवी. कोणत्या कामासाठी, साधारण केव्हा आणि फोन कोण करणार, या तीन गोष्टी सांगता येत असतील तरच दार उघडे आहे असे लिहावे. येत नसतील तर दाराचा विषयच काढू नये, नुसता नीट नकार द्यावा. तोही सन्मानाचाच असतो. आणि दार उघडे ठेवताना 'थांबू नका, मिळेल ते चांगले काम घ्या' हे वाक्य सोडू नये. नाहीतर आपल्या शक्यतेपायी कोणाची तरी खरी नोकरी हुकते.

दुसरे म्हणजे, ज्या पत्त्यावर उत्तर देता येत नाही तिथून असा निरोप पाठवू नये. दार उघडे म्हणायचे आणि कडी आतून लावायची, असे ते होते. तिसरे, शब्द दिला की तो कुठेतरी लिहून ठेवायचा. मी डायरीत २० जूनच्या पानावर तिचे नाव, नंबर आणि 'वजनाची चूक, दहा मिनिटे' एवढे लिहिले. हे नाव मी नोकरी सोडून गेलो तरी मागच्या माणसाला सापडले पाहिजे, म्हणून ऑफिसच्या फाइलमध्येही ठेवले. त्यासाठी तिची परवानगी घेतली.

निरोप गेल्यावर तासाभरात तिचे उत्तर आले, दोन ओळींचे. आभार, आणि एक प्रश्न, सीएफएसचे काम शिकायचे तर सुरुवात कुठून करू? मी फोनवर सांगितले. पाच मिनिटे लागली.

जूनमध्ये आयात विभागातली जागा निघालीच नाही, मालकांनी ती पुढे ढकलली. २० तारखेचे पान उघडले तेव्हा फोन टाळावासा वाटला, कारण सांगण्यासारखे काही नव्हते. मग केला. म्हणालो, "जागा निघाली नाही, आता या वर्षी निघेल असं वाटत नाही. कळवतो म्हणालो होतो म्हणून कळवतोय." ती म्हणाली, "सर, मला वाशीत लागलंय दीड महिन्यापूर्वी. पण तुम्ही फोन केलात, बरं वाटलं."

महाप्याच्या त्या कंपनीकडून भाच्याला अजून काही कळलेले नाही. त्याने आता विचारणे सोडले आहे. त्याच्या त्या रात्रीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी अजूनही देऊ शकत नाही. ते फक्त त्या कंपनीला देता आले असते, एका वाक्यात.